पैसा येतो केव्हा, लागतो केव्हा?



वर्षाचा हिशोब फायद्याचा दिसतो, तरी श्रावण-भाद्रपदात हात आखडतो. असे का होते, हे वर्षाच्या हिशोबावरून कळत नाही. त्यासाठी महिन्याचा हिशोब लागतो, आणि त्यात एक नियम कसोशीने पाळावा लागतो. माल विकला त्या महिन्यात जमा लिहायची नाही. पैसा हातात पडेल त्या महिन्यात लिहायची.

एक उदाहरण घेऊ. चार एकर कोरडवाहू सोयाबीन, मागून हरभरा आणि दोन गाई असलेले घर. १ जूनला घरात १५,००० रुपये आहेत. दुधाचे बिल महिन्याला ९,००० रुपये होते, पण डेअरी ते पुढच्या महिन्यात देते. म्हणून जूनच्या जमेत मे महिन्याचे दूध येईल. ऑगस्टमध्ये एक गाय आटणार, बिल ६,००० वर येणार. ती घट जमेत मात्र सप्टेंबरपासून दिसेल.

सोयाबीन २० क्विंटल, भाव ४,२०० धरला तर ८४,००० रुपये होतात. माल ऑक्टोबरअखेर गावातल्या व्यापाऱ्याला जाईल. तो चौथा हिस्सा, म्हणजे २१,००० रोख देतो आणि ६३,००० महिन्याने देतो. घरखर्च आणि पेंड-भुसा मिळून दरमहा १२,००० धरले आहेत. पिकाचा खर्च ज्या त्या महिन्यात त्यात मिळवला, की कागद असा तयार होतो:

जून: जमा ९,०००, खर्च ३६,०००, तूट १२,०००
जुलै: जमा ९,०००, खर्च २०,०००, तूट २३,०००
ऑगस्ट: जमा ९,०००, खर्च १८,०००, तूट ३२,०००
सप्टेंबर: जमा ६,०००, खर्च १४,०००, तूट ४०,०००
ऑक्टोबर: जमा २७,०००, खर्च २७,०००, तूट ४०,०००
नोव्हेंबर: जमा ६९,०००, खर्च २४,०००, शिल्लक ५,०००

प्रत्येक ओळीत मागच्या महिन्याची शिल्लक किंवा तूट पुढे ओढली आहे. जूनमध्ये सुरुवातीचे १५,००० धरूनही बियाणे-खतापायी १२,००० कमी पडले, ते असे.

आता ऑक्टोबरची ओळ पाहा. सोयाबीन विकले, तरी तूट एका रुपयाने हलली नाही. हाती आलेले पैसे काढणी-मळणीत आणि घरात गेले. ‘सोयाबीन निघाले की दिवाळीला देतो’ असा शब्द दिलेला माणूस इथे अडकतो. खरी फेड नोव्हेंबरात आहे, तेव्हा शब्दही नोव्हेंबरचाच द्यावा.

कर्ज किती लागेल? सर्वांत मोठी तूट ४०,००० आहे. त्यात दवाखान्यासाठी, अडीअडचणीसाठी घरात कायम ठेवायचे ४,००० मिळवा. म्हणजे ४४,००० झाले. पण ते जूनमध्ये एकदम लागत नाहीत. जूनमध्ये १६,०००, जुलैत आणखी ११,०००, ऑगस्टमध्ये ९,००० आणि सप्टेंबरात ८,००० लागतात. किसान क्रेडिट कार्डावर जेवढी उचल तेवढ्यावरच व्याज बसते. सालिना ७ टक्क्यांनी अशा टप्प्याच्या उचलीला नोव्हेंबरपर्यंत सुमारे १,००० रुपये व्याज होते. सगळे जूनमध्येच उचलले तर सुमारे १,३०० होते. हीच टप्प्याची उचल सावकाराकडून शेकडा ३ रुपये महिन्याने केली, तर व्याज ५,००० होईल.

हे व्याज वरच्या कागदात धरलेले नाही, ते नोव्हेंबरच्या खर्चात लिहायचे. बँकेचे व्याज दिल्यावर घरात ४,००० उरतात. सावकाराचे दिल्यावर काहीच उरत नाही.

शेवटी एक परीक्षा करावी. व्यापाऱ्याचे ६३,००० नोव्हेंबरात आलेच नाहीत तर? दुधाचे ६,००० येतील, पण हरभऱ्याची पेरणी आणि घर मिळून २४,००० लागतीलच. तूट ५८,००० वर जाईल आणि कर्ज ६२,००० लागेल. ज्याने मंजुरीच ४४,००० ची घेतली, त्याचा हरभरा पेरायचा राहील किंवा तो सावकाराच्या दारी जाईल. म्हणून मंजुरी ६२,००० च्या आसपास मागावी, उचल मात्र गरजेपुरतीच करावी.

भाव पडला किंवा पाऊस लांबून काढणी मागे गेली, तर हे आकडे बदलतील. म्हणून दर महिनाअखेर खरी जमा आणि खरा खर्च पेन्सिलीने शेजारी लिहावा आणि पुढच्या ओळी पुन्हा मांडाव्यात. दुधाचे बिल दोनदा उशिरा आले, तर पुढच्या कागदात ते एक महिना आणखी मागे सरकवावे. व्यापाऱ्याशी बोलतानाही हा कागद जवळ असू द्या. भावात क्विंटलला ५० रुपये जास्त देऊन कोणी पैसे आणखी महिनाभर लांबवत असेल, तर २० क्विंटलला मिळणारे १,००० रुपये आणि त्या महिन्याचे वाढीव व्याज यांची तुलना करा. त्यातही पेरणी अडणार असेल, तर रोखीचा भावच बरा.