लग्नाचं ठिकाण ऐनवेळी बदललं, तर निरोप असा द्या

लग्न दोन दिवसांवर आलंय. अवकाळी पावसाने लॉनवर घोटाभर पाणी साचलंय, मांडवाचे खांब कलले आहेत आणि लॉनचे मालक म्हणताहेत, दुसरीकडे बघा. अशा वेळी घरातलं कुणीतरी मोबाईल उचलतं आणि आमंत्रितांच्या ग्रुपवर लिहून टाकतं, "लग्नाचं ठिकाण बदललं आहे. नवा पत्ता लवकरच कळवू."

हे करू नका. त्या एका ओळीने फोन सुरू होतात. लग्न मोडलं का? मुलीकडचे नाराज आहेत का? तुम्ही उत्तरं देत बसता आणि कार्यालय शोधायचं बाजूला राहतं.

आधी नवी जागा पक्की करा. पैसे भरा, पावती हातात घ्या आणि ती वाचा. पुष्कळ कार्यालयं सकाळ आणि संध्याकाळ वेगवेगळी देतात. आदल्या संध्याकाळी सीमंतपूजन असेल, तर हॉल तेव्हापासून तुमचा आहे का, हेही विचारून घ्या. मगच निरोप लिहायला बसा.

निरोप दोन्ही घरांनी मिळून एकच लिहायचा. वरपक्षाचा वेगळा, वधूपक्षाचा वेगळा, असं झालं की एकात साडेबारा येतं आणि दुसऱ्यात एक. मजकूर फोनवर एकमेकांना वाचून दाखवा. मग दोन्हीकडच्या ग्रुपवर तोच, अक्षर न बदलता टाका.

आपण एक उदाहरण घेऊ. लग्न नाशिकला, रविवारी १० मे रोजी. आधीचं ठिकाण गंगापूर रोडवरचं लॉन. नवं ठिकाण आडगाव नाक्याजवळचं मंगल कार्यालय, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या बाजूला. वऱ्हाड सटाण्याहून बसने येणार, मुंबईकर रेल्वेने. निरोप असा लिहा:

लग्नाचं ठिकाण बदललं आहे. कृपया पूर्ण वाचा.
(वराचं पूर्ण नाव) आणि (वधूचं पूर्ण नाव) यांचं लग्न रविवार, १० मे रोजीच आहे. मुहूर्त तोच, दुपारी १२.३५.
गंगापूर रोडच्या लॉनवर जाऊ नका. पावसाने तिथे पाणी साचलं आहे.
नवं ठिकाण: (कार्यालयाचं नाव), आडगाव नाक्याजवळ, मुंबई-आग्रा रस्ता, पंचवटी, नाशिक.
शनिवारचं सीमंतपूजनही नव्या ठिकाणीच, संध्याकाळी ७ वाजता.
सटाण्याची बस ठरल्या वेळी, ठरल्या जागेवरूनच निघेल.
काही विचारायचं असल्यास: (वराच्या काकांचं नाव व नंबर), (वधूच्या मामांचं नाव व नंबर).
हा निरोप शुक्रवार, ८ मे रोजी रात्री ८ वाजता पाठवला आहे.

एवढंच. पण यातली प्रत्येक ओळ कशासाठी आहे, ते लक्षात घ्या.

हा निरोप तुमच्या ग्रुपवर थांबणार नाही. आत्या तो भाच्याला पाठवेल, भाचा मित्राला. तिथे तो एकटाच पोचेल. कुणाचं लग्न, कुठल्या गावी, हे त्यातच असायला हवं. म्हणून पूर्ण नावं आणि गावाचं नाव. पुढे पाठवलेल्या निरोपावर तुम्ही तो मुळात कधी लिहिलात ते दिसत नाही, म्हणून शेवटी तारीख आणि वेळ. दोन वेगळे निरोप हातात आले, तर नंतरचा कुठला ते त्यावरून कळतं.

जे बदललं नाही, तेही लिहा. तारीख तीच, मुहूर्त तोच, बस तीच. ते वाचलं की माणसांचा जीव भांड्यात पडतो आणि निम्मे फोन वाचतात.

कारण एका वाक्यात द्या. "काही अपरिहार्य कारणामुळे" असं लिहू नका. त्या शब्दांत लोक नको ते वाचतात. लॉनवाल्यांशी पैशांवरून वाद झाला असेल, तर तोही इथे आणू नका. तुमच्या मुलीच्या लग्नाचा निरोप आहे, त्यात तक्रार कशाला?

सीमंतपूजनाची ओळ अजिबात विसरू नका. चुकीच्या दारात सगळ्यांत आधी पोचतात ती आदल्या दिवशी येणारी माणसं. तीच सगळ्यांत जवळची असतात, आणि बहुतेक वेळा वयाने मोठी.

आता जागेचा नकाशा. कार्यालयाचं नाव शोधून सापडेल ते लोकेशन पाठवू नका. एकाच नावाची कार्यालयं शहरात दोन-तीन असू शकतात. घरातल्या एका मुलाला तिथे पाठवा, फाटकात उभं राहू द्या आणि तिथूनच त्याला आपलं सध्याचं लोकेशन ग्रुपवर टाकू द्या. लाइव्ह लोकेशन नको. ते फार तर आठ तास चालतं आणि मुलगा घरी आला की खूणही घरी येते. फाटकाचा एक फोटोही टाका, पाटी वाचता येईल असा.

रस्त्याची एखादी खोच असेल तर तीही लिहा. आपल्या उदाहरणात सटाण्याकडून येणाऱ्या गाड्यांना सांगायला हवं, की उड्डाणपुलावर चढू नका, खालच्या सर्व्हिस रोडने या. पुलावर गाडी चढली की नाका खालून निघून जातो.

जुन्या पत्रिकेचा विचार नीट करा. खरा घोळ तीच घालते. लग्नाच्या सकाळी माणूस ग्रुप वाचत नाही. तो फोटोंमध्ये जातो, पत्रिका उघडतो आणि रिक्षावाल्याला पत्ता दाखवतो. ग्रुपवरून तुम्ही ती पत्रिका सगळ्यांसाठी काढून टाकू शकता, पण पाठवून साधारण दोन दिवस झाले की ती सोय संपते. शिवाय लोकांनी पुढे पाठवलेल्या प्रती तुमच्या हातात नसतात.

म्हणून त्याच पत्रिकेवर जुना पत्ता ठळक रेघेने खोडा, वर मोठ्या अक्षरांत "ठिकाण बदललं आहे" लिहा आणि खाली नवा पत्ता टाका. तेच चित्र ग्रुपवर द्या. सुबक नाही दिसलं तरी चालेल. जुन्या पत्रिकेवर लोकेशनचा क्यूआर कोड छापलेला असेल, तर तोही झाका. नाहीतर पत्ता नवा आणि कोड जुन्या लॉनचा, असं होतं.

ग्रुपवर आणखी तीन कामं करा. निरोप पिन करा आणि मुदत सात दिवसांची ठेवा. चोवीस तासांची ठेवलीत तर शुक्रवारी लावलेली पिन रविवारी सकाळी नसेल. दुसरं, ग्रुपचं नावच बदला: "लग्न १० मे, नवं ठिकाण आडगाव नाका". जो ग्रुप उघडतही नाही, त्यालाही ते यादीत दिसतं. तिसरं, लग्न होईपर्यंत फक्त अॅडमिनना लिहिता येईल अशी सेटिंग करा. नाहीतर "ओके", "बरं" आणि हात जोडल्याच्या खुणांखाली पत्ता गाडला जातो.

मजकुरात चूक राहिली तर? पंधरा मिनिटांत ती दुरुस्त करता येते. पण तोवर ज्यांनी पुढे पाठवला, त्यांच्याकडे चूकच राहते, आणि दुरुस्तीची घंटी कुणाच्याही फोनवर वाजत नाही. त्यापेक्षा तो काढून टाका आणि संपूर्ण निरोप नव्या वेळेसह पुन्हा पाठवा. "वरच्या निरोपात १२.३० ऐवजी १२.३५ वाचावे" असं तुटक लिहू नका.

इथवर अर्धं काम झालं.

आता पत्रिका वाटताना केलेली यादी काढा. ग्रुप म्हणजे यादी नव्हे. गावाकडचे भाऊबंद, शेजारच्या आजी, ज्यांना तुम्ही अक्षत ठेवून बोलावलंत, ती माणसं ग्रुपवर नसतात. यादीवर घराघरापुढे खूण करत जा. घरटी एक फोन पुरे, पण तो फोन हवाच. ग्रुपवरच्यांसाठी आपल्या निरोपावर बोट दाबून "माहिती" उघडा. कुणी वाचला आणि कुणापर्यंत नुसता पोचला, ते तिथे दिसतं. ज्यांनी वाचला नाही, त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करा.

फोनच्या यादीचे तुकडे करून वाटून घ्या. मावशीने माहेरची घरं घ्यावीत, भावाने ऑफिसची. नवऱ्या मुलीला आणि मुलाला या कामातून मोकळं ठेवा. फोनवर नुसतं सांगू नका, विचारा: "मग रविवारी कुठे येणार तुम्ही?" त्यांच्या तोंडून "आडगाव नाका" आलं, की मगच खूण करा. पुष्कळ वेळा "हो हो, कळलं" म्हणणाऱ्याला काहीच कळलेलं नसतं.

गुरुजी, आचारी, वाजंत्री, फोटोग्राफर, फुलवाले यांनाही फोनच करा. बसच्या ड्रायव्हरशी तर तुम्ही स्वतः बोला. त्याच्या हातात जुनी पत्रिका असते आणि बसमधले पन्नास जण त्याच्यावर विसंबून झोपलेले असतात.

एवढं करूनही चार माणसं जुन्या लॉनवर जाणारच. त्यांची सोय ठेवा. फाटकावर मोठ्या अक्षरांतला फलक लावा. पावसाने शाई उतरू नये म्हणून तो प्लास्टिकमध्ये घाला. शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळपासून मुहूर्तापर्यंत तिथे घरचा एक मुलगा गाडी घेऊन उभा राहू द्या. वाट चुकलेल्या आजोबांना पत्ता सांगून पाठवू नका, गाडीत बसवून आणा.

ठिकाणाऐवजी तारीखच बदलली, तर गोष्ट वेगळी. सुतक आलं, घरात कुणी अत्यवस्थ झालं, तर नव्या तारखेची वाट बघू नका. लोक घरातून निघायच्या आत कळायला हवं. लगेच लिहा: "१० मे रोजी लग्न होणार नाही. प्रवासाला निघू नका. तिकिटं काढली असतील तर रद्द करा. नवी तारीख पक्की झाल्यावर फोन करून कळवू." रेल्वेचं तिकीट जितकं आधी रद्द होईल तितके पैसे कमी कापले जातात, म्हणून लांबून येणाऱ्यांना पहिला फोन. घरात दुःख असेल, तर हे काम शेजाऱ्याकडे किंवा व्याह्यांकडे सोपवा आणि फोनसाठी त्यांचाच नंबर द्या.

आणि नव्या ठिकाणाच्या, नव्या तारखेच्या पाच-दहा पत्रिका छापून ठेवा, साध्या कागदावर चालतील. विवाह नोंदणीच्या अर्जाला लग्नपत्रिका जोडावी लागते. अर्जात लग्न जिथे आणि ज्या दिवशी प्रत्यक्ष लागलं तेच लिहायचं असतं, आणि गुरुजींची सहीही त्यावर लागते. पत्रिकेवर एक आणि अर्जात दुसरं असलं, तर खिडकीशी प्रश्न निघतो. गुरुजींना निघण्याआधी सहीची आठवण करा.