'बिन' शब्दाचा दुवा

आजोबांचा जन्मदाखला नसला, तरी गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत, म्हणजे कोतवाल बुकात, त्यांचे नाव मोडीत सापडू शकते. समजा, एका नोंदीत 'बापू बिन नेमा' आहे. 'बिन' म्हणजे पुत्र. बापू हा नेमाचा मुलगा. दुसरीकडे 'नेमा बिन आदू' आढळले, तर तिसरी पिढी जुळते. मात्र मोडीत शिरोरेघ आधी ओढून अक्षरे सलग लिहीत, शब्दांत अंतर नसे. त्यामुळे 'बिन' नावातच विरून जातो. शिवाय गावात नेमा दोन असू शकतात. म्हणून आडनाव आणि काळ ताडून पाहावा. शके १८३८ म्हणजे ७८ मिळवून इ.स. १९१६-१७. दोन्ही नोंदींतील वर्षे बापलेकांच्या वयाशी विसंगत असतील, तर तो नेमा निराळा समजावा.