छत्तीस टक्के, पण कशाचे?

'या गोळीने हार्ट अटॅक ३६ टक्क्यांनी कमी होतात' असे सांगितले की पेशंटला वाटते, शंभरातले ३६ जण वाचतात. तसे नसते.

हा आकडा २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ॲस्कॉट या अभ्यासातला आहे. उच्च रक्तदाब आणि हृदयविकाराची आणखी किमान तीन जोखमीची कारणे असलेल्या सुमारे दहा हजार लोकांपैकी निम्म्यांना ॲटोरव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम दिले, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. सव्वातीन वर्षांत औषध न घेणाऱ्या हजारांमागे ३० जणांना अटॅक आला किंवा हृदयविकाराने मृत्यू झाला, औषध घेणाऱ्यांत १९ जणांना. तिसातले अकरा टळले, तेच हे ३६ टक्के. आणि हजारात अकरा म्हणजे एक टाळण्यासाठी साधारण ९१ जणांनी गोळी घ्यायची. डॉक्टर यालाच 'नंबर नीडेड टू ट्रीट' म्हणतात.

माझ्या मते ९१ हा आकडाही पेशंटसमोर नुसता टाकू नये. 'म्हणजे नव्वद जणांची गोळी फुकट?' असे तो विचारतो. शिवाय मुळातली जोखीम तिप्पट असेल, तर त्याच गोळीसाठी ९१ चे सुमारे ३० होतात.

त्यापेक्षा असे सांगावे: "काका, तुमच्याइतकी जोखीम असलेले हजार जण धरा. सव्वातीन वर्षांत ९७० जणांना गोळी न घेताही काही होणार नाही. १९ जणांना घेऊनही त्रास होईल. अकरा जण गोळीमुळे वाचतील. ते अकरा कोण, हे आधी कळत नाही."

मग गोळी घ्यायची की नाही, हे काका स्वतः विचार करून ठरवू शकतात.