भाकड दिवसांचे व्याज

उसाचे बिल वर्षातून एकदा येते. घरखर्च मात्र रोजचा असतो. म्हणून दीड एकराचे कुटुंब जोडधंदा शोधते आणि बहुधा म्हशीपाशी येऊन थांबते. दूध संस्थेचे बिल दर दहा दिवसांनी हाती पडते. बँकेच्या सेवेत अशी असंख्य कर्जप्रकरणे नजरेखालून गेली. त्यांतील यशापयशाचा निर्णय दुधाच्या मापावर जितका होतो, त्याहून अधिक तो भाकड दिवसांवर होतो. आपणा व्यापाऱ्यांना हे सहज उमगेल. गोदामात पडून राहिलेल्या मालावर व्याज चढते. म्हशीचे तर खाणेही चढते.

एक हिशेब मांडून पाहू. दर केवळ उदाहरणादाखल धरले आहेत. साठ गुंठ्यांपैकी पन्नास गुंठ्यांत ऊस आणि दहा गुंठ्यांत संकरित नेपिअर गवत. पाणी असल्यास एवढ्या तुकड्यात दोन म्हशींच्या हिरव्या चाऱ्याची सोय होते. म्हैस एक लाख रुपयांची. व्यायल्यावर ती २८० दिवस सरासरी ७ लिटर दूध देते. लिटरला ५० रुपयांप्रमाणे ९८,००० रुपये होतात.

आता खर्च पाहू. दुधात असताना रोज ५ किलो पशुखाद्य, किलोस ३० रुपये दराने, म्हणजे २८० दिवसांचे ४२,००० रुपये. भाकड असताना २ किलो, म्हणजे रोजचे ६० रुपये. वाळला चारा, खनिज मिश्रण आणि औषधे यांचे रोजचे ४० रुपये. ते दूध असो वा नसो. दोन वेतांतील अंतर १४ महिने, म्हणजे ४२० दिवस राहिले, तर भाकड दिवस १४० होतात आणि एकूण खर्च ६७,२०० रुपये. शिल्लक ३०,८०० रुपये, महिन्याला २,२००.

एक लाखाचे कर्ज पाच वर्षांसाठी दहा टक्क्यांनी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे २,१२५ रुपये येतो. म्हणजे हप्ता जेमतेम भागतो. घरच्यांचे श्रम यात धरलेलेच नाहीत. खरी मिळकत कर्ज फिटल्यावर सुरू होते; तोवर घरचे दूध आणि शेणखत एवढाच लाभ. हेच अंतर १८ महिन्यांवर गेले, तर दूध तेवढेच राहते, पण खर्च ७९,२०० रुपये होतो. महिन्याची शिल्लक हजार-साडेदहाशेवर येते आणि हप्ता थकतो. म्हैस तीच, दूध तेच. बुडवले ते लांबलेल्या दिवसांनी.

हे दिवस लांबतात कसे? म्हशीचा गर्भकाळ सुमारे ३१० दिवसांचा. चौदा महिन्यांचे वेत साधायचे, तर व्यायल्यापासून ११० दिवसांच्या आत ती गाभण राहिली पाहिजे. पण म्हशीचा माज बहुधा मुका असतो. ती गायीसारखी हंबरत नाही. माजाची लक्षणे रात्री वा पहाटे अधिक दिसतात आणि उन्हाळ्यात ती फारच मंद होतात. काचेसारखा स्वच्छ, चिकट स्राव, वारंवार थोडी थोडी लघवी, अस्वस्थपणा आणि एकाएकी घटलेले दूध, एवढ्याच खुणा. संध्याकाळी माज दिसला तर दुसऱ्या सकाळी, सकाळी दिसला तर त्याच संध्याकाळी रेतन करावे. तो चुकला की पुढचा सुमारे २१ दिवसांनी. भाकड दिवसाचा खर्च शंभर रुपये; म्हणजे एक माज चुकणे म्हणजे २,१०० रुपये, जवळजवळ एक हप्ता!

म्हणून गोठ्यात एक वही हवी. व्यायल्याची तारीख, माजाची तारीख, रेतनाची तारीख. रेतनानंतर २१ दिवसांनी पुन्हा माज दिसला नाही, एवढ्यावर विसंबू नये. मुका माज तेव्हाही नजरेतून सुटतो. दोन-तीन महिन्यांनी पशुवैद्यकाकडून गर्भतपासणी करून घ्यावी. वाढ्यांवरच भागवणाऱ्या घरी आणखी एक काळजी घ्यावी. वाढ्यांतील ऑक्झलेट शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते. तेव्हा हिरवे गवत आणि खनिज मिश्रण यांत काटकसर नको.

दुसरी म्हैस पहिलीनंतर पाच-सहा महिन्यांनी, ताजी व्यायलेली घ्यावी, असा बँकांचा दंडक त्यासाठीच आहे. एक आटते तेव्हा दुसरी दुधात असते आणि दहा दिवसांचे बिल खंडत नाही. दोन्ही एकाच बाजारात, एकाच दिवशी आणल्या, तर दोन्ही एकदमच आटतात.

आपल्यापैकी अनेकांच्या दुकानातून अशा घरी सरकी-पेंड उधारीने जाते. उधारी थकू लागली की प्रथम दुधाचे माप विचारले जाते. त्याऐवजी विचारावे, म्हैस व्यायल्याला किती दिवस झाले आणि गाभण असल्याची तपासणी झाली का? पाच महिने उलटूनही उत्तर ‘नाही’ असेल, तर पेंड वाढवून देण्याआधी पशुवैद्यकाला गोठा दाखवणे दोघांच्याही हिताचे.