स्वस्त औषधाची किंमत : दया नव्हे, हिशेब

ग्रामीण भागातील गरीब रुग्णाला परवडेल असे औषध तयार करावे, ही इच्छा आपल्यापैकी अनेक वैद्यांच्या व फार्मसीचालकांच्या मनात असते. काही जण ती प्रत्यक्षातही आणतात. परंतु दोन-तीन वर्षांत असे उत्पादन बहुधा बंद पडते. औषधाला गुण नव्हता म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा किंमत आधी भावनेने ठरलेली असते आणि खर्चाची जुळवाजुळव नंतर केलेली असते. हे गणित कसे मांडावे, याविषयीचे माझे मत मी एका साध्या कल्पाच्या आधारे व्यवसायबंधूंपुढे ठेवीत आहे.

उदाहरणासाठी सिक्थतैल घेऊ. तीळतेल पाच भाग आणि मधमाश्यांचे मेण एक भाग, एवढीच याची घटना. सुश्रुताने क्षुद्ररोगांत वर्णिलेल्या पाददारीत, म्हणजे टाचांच्या भेगांत, याचा उपयोग आपण सर्वजण करतो. अनवाणी शेतकाम करणाऱ्या स्त्रीपुरुषांना याची गरज सर्वाधिक आहे आणि ती त्यांना स्वतःला जाणवतेही.

वैद्य स्वतःच्या रुग्णांपुरते औषध बनवून देत असेल आणि बाजारात विकत नसेल, तर त्याला शेड्यूल ‘टी’च्या उत्पादन-निकषांतून सूट आहे. मात्र तीच डबी गावच्या दुकानात विक्रीस ठेवायची झाल्यास उत्पादन-परवाना, योग्य जागा, तांत्रिक कर्मचारी, तपासणी व विधिवत लेबल हे सारे आले. म्हणून दवाखान्यात पडणारा खर्च हा दुकानातील किमतीचा आधार होऊ शकत नाही.

एका डबीचा हिशेब

पुढील दर केवळ गणितासाठी धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे दर घालावेत. दहा किलो तीळतेल ३०० रुपये दराने ३,००० रुपयांचे आणि दोन किलो मेण ६०० रुपये दराने १,२०० रुपयांचे. मेण वितळवून गाळताना आणि भांड्याला चिकटून थोडी घट होते. बारा किलोतून साडेअकरा किलो हाती आले, तर २५ ग्रॅमच्या ४६० डब्या होतात. म्हणजे डबीमागे द्रव्यखर्च ९ रुपये १३ पैसे. मजुरी व इंधन अडीच रुपये, डबी व लेबल ५ रुपये, खोके व वाहतूक १ रुपया. शंभरातील पाच डब्या गळतात, फुटतात किंवा परत येतात, त्यांचा भार चांगल्या डब्यांवर टाकला की एकूण खर्च सुमारे साडेअठरा रुपये होतो. हा झाला डबीगणिक वाढणारा, म्हणजे चल खर्च.

आता ३० रुपये कमाल किरकोळ किंमत छापली असे समजा. दुकानदाराचे २० टक्के वजा जाता २४ रुपये उरतात. घाऊक विक्रेत्याचे ८ टक्के आणि ५ टक्के वस्तू व सेवा कर वजा केल्यावर उत्पादकाच्या हाती साधारण २१ रुपये येतात. चल खर्च जाऊन डबीमागे अडीच रुपये शिल्लक राहतात.

जागाभाडे, पगार, तपासणी यांपैकी या उत्पादनाच्या वाट्याचा स्थिर खर्च महिना ३०,००० रुपये असेल, तर तो भरून निघण्यास दरमहा १२,००० डब्या विकाव्या लागतील. नफा त्यानंतर सुरू होईल. शिवाय भेगांचे औषध मुख्यतः थंडीत खपते. एक-दोन तालुक्यांत हा आकडा गाठणे शक्य नाही. कागदावर ‘डबीमागे अडीच रुपये सुटतात’ असे दिसत असताना प्रत्यक्षात फार्मसी तोट्यात का जाते, ते येथे कळते.

लहान पुडीचा मोह

यावर सर्वांना सुचणारा उपाय म्हणजे पुडी लहान करणे. शांपूच्या पाकिटांनी खेडोपाडी बाजार मिळविला, मग आपण १५ रुपयांची १२ ग्रॅमची डबी का काढू नये? कारण द्रव्य निम्मे झाले तरी डबी, लेबल आणि भरण्याची मजुरी निम्मी होत नाही. वरील दरांनी या छोट्या डबीचा चल खर्च १२ रुपयांच्या आसपास जातो आणि उत्पादकाच्या हाती येतात साडेदहा रुपये. प्रत्येक डबीमागे दीड रुपया तोटा असल्यास विक्री जितकी वाढेल तितका तोटा वाढेल. पातळ पाकीट वापरून खर्च कमी करता येईल, पण सिक्थतैल उन्हाळ्यात पत्र्याच्या दुकानात मऊ पडते व सांध्यातून झिरपते. लेबल तेलकट झालेली आणि वास बदललेली वस्तू परत येऊ लागली, की वाचवलेले पैसे दामदुप्पट जातात.

रुग्णाच्या बाजूनेही पाहावे. दोन्ही टाचांना रात्री मिळून अडीच ग्रॅम लागले, तर २५ ग्रॅमची डबी दहा दिवस पुरते. भेगा भरून येण्यास साधारण तीन आठवडे धरले, तर दोन डब्या, म्हणजे ६० रुपये लागतात. रोजची मजुरी ३०० रुपये असेल तर तो एका दिवसाच्या कमाईचा पाचवा हिस्सा होय. छोटी डबी घेणारी बाई पाच दिवसांत औषध संपवते, गुण येत नाही, आणि दोष औषधाला लागतो. म्हणून किंमत ठरवताना डबीची नव्हे, तर पूर्ण उपचाराची रक्कम डोळ्यांपुढे असावी.

भार कोणी उचलावा?

मग मार्ग कोणता? मदुराईचे उदाहरण येथे उपयोगी आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये अवघ्या ११ खाटांनिशी अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. पैसे देणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून विनामूल्य वा अल्पदरात शस्त्रक्रिया करण्याची पद्धत तेथे रुजली. मोतीबिंदूनंतर बसवायचे आयात भिंग त्या काळी सुमारे १०० डॉलरच्या घरात पडे. १९९२ मध्ये त्याच परिवारातून ऑरोलॅब ही उत्पादनसंस्था उभी राहिली आणि सुमारे १० डॉलरला भिंग उपलब्ध झाले. पुढे किंमत आणखी उतरली. अरविंदची स्वतःची रुग्णालये हे तिचे हक्काचे गिऱ्हाईक होते, त्यामुळे स्थिर खर्च कितीवर विभागायचा हे चाचपडावे लागले नाही. ज्याला परवडते त्याच्याकडून येणारे उत्पन्न गरिबाच्या बाजूला वळवण्याची रीतही अरविंदमध्ये आधीच घट्ट झाली होती.

आपल्या डबीला हेच लावू. तेच सिक्थतैल ५० ग्रॅमच्या काचेच्या बरणीत, चांगल्या खोक्यात, शहरातील औषधदुकानांतून १४० रुपयांस विकले, तर विक्रेत्यांचे हिस्से व कर जाऊन सुमारे ९६ रुपये येतात. द्रव्य, बरणी, वाहतूक मिळून ४६ आणि प्रसिद्धीचे १२ वजा केले, की ३८ रुपये उरतात. दरमहा ५०० बरण्या खपल्या तर १९,००० रुपये स्थिर खर्चाकडे जातात. राहिलेल्या ११,००० रुपयांसाठी खेड्यात १२,००० ऐवजी ४,४०० डब्या पुरतात. घाऊक विक्रेत्याऐवजी आठवडी बाजाराच्या फेरीत दुकानदारांना किंवा बचत गटांना थेट माल दिला, तर वाहतुकीचा वाढीव खर्च धरूनही डबीमागे साडेतीन रुपये सुटतात आणि आकडा सुमारे ३,१०० वर येतो. चार-पाच तालुक्यांत, वर्षाची सरासरी धरून, हा आवाक्यातील आकडा आहे. मात्र थेट विक्रीत उधारी आपल्यावर येते. शंभर डब्यांतील पंधरांचे पैसे बुडाले, तर सगळी शिल्लक गेली. म्हणून पहिली खेप रोख, आणि जुनी बाकी मिटल्याखेरीज नवा माल नाही, हा नियम पाळावाच लागतो.

दोन्ही वेष्टनांतील औषध मात्र एकच असले पाहिजे. गरिबाच्या डबीत मेणाऐवजी पॅराफिन घालून चार पैसे वाचवण्याचा मोह मोठा असतो. पॅराफिनचे साबणीकरण होत नाही, त्यामुळे प्रयोगशाळेत ही लबाडी सहज उघड होते. आणि घटना बदलल्यावर त्या वस्तूला ग्रंथोक्त नाव लावण्याचा अधिकारही राहत नाही.

फुकट द्यावे काय?

ज्यांना ३० रुपयेही जड आहेत, त्यांचे काय? ‘फुकटाची किंमत नसते, म्हणून नाममात्र दोन-पाच रुपये घ्यावेत’ असे आपल्यात सर्रास म्हटले जाते. जेसिका कोहेन व पास्कलिन दुपा यांनी केनियात गर्भवती स्त्रियांना मच्छरदाण्या देताना हेच तपासले. त्यांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. विनामूल्य मच्छरदाणीला सुमारे ६० सेंट किंमत लावताच घेणाऱ्यांचे प्रमाण ६० टक्के-बिंदूंनी घसरले. आणि पैसे देऊन घेणाऱ्या फुकट घेणाऱ्यांपेक्षा ती अधिक वापरतात, असेही आढळले नाही. भेगा दुखतात, मलेरिया होण्याआधी दुखत नाही. म्हणून दोन्ही वस्तूंचे गणित एक नाही. पण नाममात्र किमतीने दोन्हीकडचे नुकसान होऊ शकते, एवढे यातून निश्चित दिसते: खर्च भरून निघत नाही आणि सर्वांत गरीब तेवढा गळतो.

म्हणून माझे मत असे, की ज्याला द्यायचे त्याला पूर्ण विनामूल्य द्यावे. परंतु त्या डबीचे किमान साडेअठरा रुपये कोणीतरी, मग तो न्यास असो, ग्रामपंचायत असो वा स्वतः वैद्य असो, फार्मसीच्या वहीत रोख जमा करावेत. दान दानाच्या खाती आणि विक्री विक्रीच्या खाती राहिली, तरच महिनाअखेर उत्पादन जगते आहे की नाही हे समजते.

छपाईस लेबल देण्यापूर्वी प्रत्येक फार्मसीचालकाने तीन आकडे कागदावर मांडावेत : घट व परतीसह डबीचा चल खर्च, सर्व हिस्से व कर वजा जाता प्रत्यक्ष हाती येणारी रक्कम, आणि स्थिर खर्च भागण्यास लागणारी मासिक विक्री. तिसरा आकडा आपल्या तालुक्यांच्या आवाक्याबाहेर असेल, तर लेबल छापू नये. आधी भार उचलणारे दुसरे वेष्टन किंवा हक्काचे गिऱ्हाईक शोधावे. आपल्या संघटनेच्या जिल्हा शाखांनी तपासणी व डब्यांची खरेदी एकत्र केली, तर डबीमागे रुपया-दीड रुपया वाचू शकेल. अडीच रुपयांच्या शिल्लकीत एवढी बचत म्हणजे निम्मा भार उतरण्यासारखे आहे.