‘आहात का?’ला उत्तर द्यायचं असतं

नुसत्या ‘हॅलो’ला उत्तरच देऊ नये, असं मानणारा एक पंथ आता कारखान्यांच्या ऑफिसांतही रुजला आहे. काही जण त्यासाठी nohello.net ची लिंक स्टेटसला लावतात. त्यांचा मुद्दा पोकळ नाही. १८७७ मध्ये एडिसनने टेलिफोनसाठी ‘हॅलो’ सुचवला, तो पलीकडच्या माणसाला हाकेसारखा लगेच ऐकू जावा म्हणून. चॅटवर तसं नसतं. ‘हॅलो’ पाठवून थांबलेला माणूस स्वतःही खोळंबतो आणि आपल्यालाही खोळंबवतो. तेव्हा आधी विषय लिही, मग बोलू, हे म्हणणं बरोबरच आहे.

पण त्यापुढची पायरी मला मान्य नाही. ‘आपण गप्प राहिलो की समोरचा शिकतो’ हे बुटीबोरीच्या एमआयडीसीत रात्रपाळीला तरी खरं ठरत नाही. तिथला ऑपरेटर मेंटेनन्सच्या साहेबाला ‘हॅलो सर’ लिहितो, कारण थेट ‘मशीन बंद पडली’ लिहिणं त्याला उद्धटपणाचं वाटतं. शिवाय बिघाड लेखी दिला की तो आपल्याच नावावर चढेल, ही धास्ती असते. साहेब जागा आहे की नाही, तेही ठाऊक नसतं. चार मिनिटांनी तो ‘आहे का जी सर?’ विचारतो. पहिला ‘हॅलो’ हातातलं काम संपेपर्यंत राहिला तर बिघडत नाही. दुसरा मेसेज मात्र माहिती घेऊन आलेला असतो: एकतर काम अडलंय, नाहीतर माणूस घाबरलाय. त्यात दोन निळ्या टिका दिसत असतील आणि आपण गप्प असू, तर तो धडा घेत नाही. साहेब चिडलेत असा अर्थ काढतो आणि मशीनशी स्वतःच झटू लागतो.

आता सभ्य मंडळींचा पक्ष. ते लगेच ‘हो, बोला’ लिहितात आणि आपलं काम झालं असं समजतात. माझ्या मते हे गप्प बसण्याइतकंच निरुपयोगी आहे. मे महिना, रात्रीचे पावणेअकरा, स्क्रू कॉम्प्रेसर ट्रिप झालाय असं धरू. इकडून ‘हो, बोला’ जातं. तिकडे ‘टायपिंग’ दिसतं, थांबतं, पुन्हा दिसतं. शेवटी येतं, ‘हवा येत नाही सर.’ ‘का?’ ‘माहीत नाही.’ तोवर एअर रिसीव्हरचा दाब सात बारवरून चारच्या खाली आलेला असतो आणि पॅकिंग लाइनचे सिलिंडर अर्ध्यात थांबलेले असतात. मधल्या वेळात त्याने दोनदा रिसेटही मारलेला असतो. डिस्प्लेवरचा संदेश पुसला गेला. कंट्रोलरच्या नोंदीत तो सापडेल, पण रात्री तो मेनू उघडणार कोण?

त्याऐवजी पहिल्याच उत्तरात असं लिहा: ‘आहे भाऊ. रिसेट मारू नका. डिस्प्लेचा फोटो टाका. दहा मिनिटांत फोन करतो.’ फोटोत तापमानाचा ट्रिप दिसला, शंभर अंशांच्या वरचा आकडा दिसला, की पुढचा प्रश्न नेमका विचारता येतो: कूलरच्या जाळीवर धूळ बसलीय का, पंखा फिरतो का, मशीन थांबून दाब उतरल्यावर काचेत तेल दिसतं का. नागपूरच्या उन्हाळ्यात धुळीने चोंदलेला कूलर हा पहिला संशयित. कूलर साफ असेल आणि तेलही पुरेसं असेल, तर फोनवरचा इलाज संपला, आपण उठून जायचं. दहा मिनिटं म्हटली तर ती पाळायचीही. नाहीतर पुढच्या वेळी ‘आहे’ या शब्दाला काही किंमत राहत नाही.

यावर कोणी म्हणेल, असं केलं तर त्यांना सवय लागेल. लागते खरी, पण कोणती सवय लागते ते पाहा. दर वेळी आपण तेच मागतो, म्हणून काही दिवसांनी ‘हॅलो सर’च्या पाठोपाठ फोटो आपणहून येऊ लागतो. सगळ्यांचा येत नाही. काही जण वर्षानुवर्षं ‘हॅलो’वरच अडतात, आणि त्यांना मी त्याच ओळीने उत्तर देतो. स्टेटसला लावलेली लिंक त्यांनी कधीच उघडलेली नसते.

माझ्या म्हणण्याला दोन अपवाद आहेत. आग, गळती किंवा यंत्रात अडकलेला माणूस असेल तर मेसेजचा खेळच नको. म्हणून ‘आहात का?’ आलं आणि पुढे काहीच येत नसेल, तर मिनिटभरात आपणच फोन लावावा. दुसरा अपवाद अनोळखी नंबरचा. तिथून आलेल्या ‘हॅलो, आहात का?’ला आपण दिलेलं ‘हो’ एवढंच सांगतं की हा नंबर चालू आहे आणि माणूस उत्तर देतो. तिथे गप्प राहणाऱ्यांच्या पंथात मीही सामील आहे. ओळखीच्या नावाने तेच आलं आणि पाठोपाठ पैसे किंवा ओटीपी मागितला, तर चॅटवर उत्तर न देता त्या माणसाला त्याच्या नेहमीच्या नंबरवर फोन करायचा. पैसे गेलेच असतील, तर १९३० वर.