धारोष्ण दुधाचा हट्ट आणि मुरलेला ताप

निफाड परिसरात थंडीत पारा खूप खाली उतरतो, तशी त्याची बातमीही दरवर्षी येते. याच दिवसांत पहाटे गोठ्यात उभे राहून धारोष्ण दुधाचा पेला रिकामा करणारे अजूनही आहेत. गाय घरची आहे, चारा घरचा आहे, मग दूध तापवून त्यातला कस का घालवायचा, असे त्यांचे म्हणणे असते. ते सरळ उडवून लावण्यासारखे नाही. उकळल्याने दुधातले काही जाते, हे खरेच आहे. मात्र काय जाते आणि किती जाते, हे मोजून पाहिले तर हा हट्ट टिकत नाही.

कच्च्या दुधातून पसरणाऱ्या आजारांत आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित आजार म्हणजे ब्रुसेलोसिस. त्याचे जंतू गाईच्या गर्भाशयात आणि कासेत मुक्काम करतात. गाय पाचव्या महिन्यानंतर गाभडते, जार अडकतो. पुढच्या खेपेला मात्र ती बहुधा नीट विते, अंगाने तुकतुकीत दिसते आणि दूधही देते. त्या दुधातून जंतू महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे येत राहतात. दुधाचा रंग, वास, चव काहीच बदलत नाही. म्हणून ‘आमची गाय निरोगी आहे’ या खात्रीला रक्ततपासणीशिवाय अर्थ नाही.

माणसात हा आजार कसा दिसतो, ते पाहा. चाळिशीतला शेतकरी, संध्याकाळ झाली की कणकण, रात्री घामाने अंथरूण ओले, कंबर आणि सांधे ठणकतात. मलेरियाची तपासणी निरंकुश येते. विडाल थोडी वर दिसते, म्हणून टायफॉइडची औषधे सुरू होतात. ताप आठवडाभर उतरतो आणि पुन्हा येतो. अशा चक्रात दोन-तीन महिने सहज जातात. कोणीतरी ‘कच्चे दूध पिता का? गोठ्यात जनावर गाभडले होते का?’ असे विचारले की मग ब्रुसेलाची रक्तचाचणी होते. निदान झाल्यावरही उपचार सोपा नसतो. डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिनसारखी दोन प्रतिजैविके एकत्र, तीही सहा आठवडे घ्यावी लागतात. बरे वाटले म्हणून दुसऱ्या आठवड्यात गोळ्या सोडल्या, तर आजार उलटतो आणि मणक्यात किंवा अंडकोशात ठाण मांडतो.

माल्टा बेटावरच्या ब्रिटिश सैनिकांना असाच ताप येई. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये त्याचा जंतू शोधला, पण तो येतो कुठून हे कळायला १९०५ साल उजाडले. शेळ्या धडधाकट दिसत होत्या, जंतू त्यांच्या दुधात होते. पुढच्या वर्षी छावणीतले शेळीचे दूध बंद झाले आणि रुग्ण झपाट्याने घटले.

हा जंतू थंडीने मरत नाही, उलट गार दुधात जास्त दिवस तगतो. उष्णतेपुढे मात्र तो दुबळा आहे. डेअरीत ७२ अंशांवर १५ सेकंद दूध तापवले की तो संपतो. क्षयाचा जंतू, साल्मोनेला यांचीही तीच गत. घरी दूध ढवळत एक उकळी आणली की त्याहून कितीतरी जास्त उष्णता मिळते.

आता ‘कस’ किती जातो? कॅल्शियम, प्रथिने, स्निग्धांश तसेच राहतात. ब-१, ब-१२, फोलेट ही जीवनसत्त्वे काही प्रमाणात घटतात. तेच दूध दिवसातून चार वेळा उकळले तर जास्त घटतात, म्हणून उकळी एकदाच पुरे. क जीवनसत्त्व कमी होते, पण दुधात ते मुळातच नावापुरते असते. एक पेरू लिटरभर दुधापेक्षा कितीतरी जास्त देतो. कच्च्या दुधातले ‘जिवंत एन्झाइम’ पचनाला मदत करतात, हा दावा तर पोकळ आहे. ज्यांना दुधातली साखर पचत नाही त्यांना लागणारे लॅक्टेज कच्च्या दुधातही नसते. युरोपात गोठ्याजवळ वाढलेल्या आणि कच्चे दूध पिणाऱ्या मुलांत दमा, ॲलर्जी कमी आढळली, हे खरे. पण त्याच अभ्यासकांनीही मुलांना कच्चे दूध द्या असे सांगितलेले नाही.

उकळण्यालाही मर्यादा आहेत. जनावराला दिलेल्या प्रतिजैविकांचे अंश आणि बुरशी लागलेल्या पेंडीतून दुधात उतरणारे अफलाटॉक्सिन उकळीने जात नाही. बराच वेळ बाहेर राहिलेल्या दुधात स्टॅफिलोकॉकसने विष सोडले असेल, तर जंतू मरतात, विष राहते. आणि ब्रुसेला केवळ दुधातूनच येतो असेही नाही. गाभडलेले वासरू किंवा जार उघड्या हातांनी ओढणाऱ्याला तो हातावरच्या ओरखड्यातून शिरतो. त्यावर उपाय हातमोजे आणि ते सगळे खोल पुरणे. कालवडींसाठी लस आहे. २०१९ पासूनच्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती चार ते आठ महिने वयाच्या मादी वासरांना एकदाच टोचली जाते. आठ महिने उलटले की ती संधी गेली.